वारीच्या पिशवीतला टॅग: निघण्याआधीची तयारी

आमचे बाबा दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालतात. अंगावरची शबनम सोडली तर त्यांचं सगळं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं. गेल्या वर्षी सासवडच्या मुक्कामी त्यांची पिशवी सापडेना. बीपीच्या गोळ्या त्यातच होत्या. पिशवी कुठे आहे हे फोनच्या नकाशावर दाखवणारा ब्लूटूथ टॅग तिच्यात होता, म्हणून मी निर्धास्त होते. ॲप उघडलं तर माझ्या फोनमध्ये टॅगच नाही, कारण तो भाच्याने त्याच्या फोनला जोडला होता. भाच्याला हॉस्टेलवर फोन केला. त्याच्या नकाशावर पिशवी अजून आळंदीतच होती, दोन दिवसांपूर्वीच्या सकाळची वेळ दाखवत. शेवटी फोनाफोनी करून पिशवी दुसऱ्या दिंडीच्या गाडीत मिळाली. टॅगचा काडीचा उपयोग झाला नाही. घरी आल्यावर एकेक गोष्ट तपासली, आणि यंदाची तयारी त्यातूनच ठरली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान असतं, त्याच्या निदान दहा दिवस आधी हे सगळं करायला घ्यावं.

सुरुवात सेलपासून करा. बहुतेक टॅगमध्ये CR2032 हा बटण सेल असतो, 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. दुकानदाराने CR2025 दिला तर तो तितकाच रुंद पण पातळ असतो, आत सैल बसतो आणि पिशवी हलली की सुटतो. त्यामुळे अंक वाचूनच घ्या. एक सेल साधारण वर्षभर जातो, म्हणजे गेल्या वारीला घातलेला सेल या वारीला संपत आलेला असणार. चालतोय ना, मग राहू दे, असं म्हणू नका. या सेलचं वागणं फसवं असतं. आमचा जुना सेल मीटरवर 2.9 व्होल्ट दाखवत होता, आणि नवा तीनच्या थोडा वर दाखवतो, त्यामुळे पाहणाऱ्याला तो ठीकच वाटेल. पण सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो. नुसता पडून असताना व्होल्टेज बरं दिसतं, टॅगने आवाज करायला जास्त करंट मागितला की ते एकदम खाली येतं. म्हणून मीटरपेक्षा आवाजाची परीक्षा खरी. टॅग हातात धरून ॲपमधून वाजवा. पूर्ण जोरात, न तुटता वाजला तर सेल ठीक. एकदा चिरकून गप्प झाला आणि ॲपमधलं कनेक्शनही गेलं, तर सेल संपलाय. आमचा तसाच गप्प झाला होता.

नवा सेल घालताना अधिक खूण असलेली बाजू सहसा वर येते, तरी तुमच्या टॅगच्या आत कोरलेली खूण बघून घ्या. सेल कडांनी धरा आणि कोरड्या कापडाने पुसा. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप दिलेला असतो. काही टॅगमध्ये त्या लेपामुळे संपर्कच होत नाही आणि कोरा सेलही मेल्यासारखा वाटतो. ॲपलच्या एअरटॅगच्या बाबतीत तर कंपनीनेच हे सांगितलं आहे. असं झालं तर टॅग बिघडला असं ठरवण्याआधी बिनलेपाचा सेल घालून बघा. काढलेला सेल देव्हाऱ्यापाशी किंवा टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो लगेच घराबाहेर काढा, आणि टॅगच्या पाठीवर मार्करने सेल बदलल्याची तारीख लिहा.

दुसरं काम खात्याचं, आणि माझ्या मते घोळ होतो तो इथेच. टॅग एका वेळी एकाच खात्याचा असतो. भाच्याच्या खात्यात असलेला टॅग माझ्या फोनला जोडायला गेले तर तो जोडलाच जात नव्हता. आधी जुन्या मालकाने आपल्या ॲपमधून तो काढून टाकायला हवा. भाच्याने हॉस्टेलवरून तसं केलंही, पण टॅग पुण्यात आमच्या घरी होता. त्याचा फोन टॅगजवळ नव्हता, म्हणून टॅगपर्यंत ती खबर पोचलीच नाही. तेव्हा टॅग हातानेही रीसेट करावा लागतो. आमच्या टॅगचं बटण बराच वेळ दाबून धरावं लागलं. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते, खोक्यातल्या कागदावर ती लिहिलेली असते. एअरटॅगला बटणच नाही. त्याचा सेल काढून परत दाबून बसवायचा, आवाज ऐकायचा, असं पाचदा करायचं. पाचव्यांदा आवाज वेगळा येतो. मात्र जुन्या मालकाने खात्यातून काढलाच नसेल तर पाच काय, पन्नासदा केलं तरी काही होणार नाही. सेकंडहँड टॅग घेताना म्हणूनच विकणाऱ्यासमोर उभं राहून तो काढून घ्यावा.

मग टॅग कुणाच्या खात्यात ठेवायचा? यंदा मी तो बाबांच्याच खात्यात ठेवला आणि ॲपमधून माझ्याशी शेअर करून घेतला. कारण सांगते. दुसऱ्याच्या खात्यातला टॅग बरोबर फिरतोय असं दिसलं की आताचे आयफोन आणि अँड्रॉइड फोन आपणहून इशारा देतात. कुणी चोरून पाठलाग करू नये म्हणून ही सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण टॅग भाच्याचा, पिशवी बाबांची, अशा व्यवस्थेत तो इशारा बाबांच्याच फोनवर येतो. घाबरून त्यांनी टॅग काढून फेकला तर त्यांना दोष देता येणार नाही.

आमच्या घरी सगळे अँड्रॉइड फोन, आणि दिंडीतही बहुतेकांकडे अँड्रॉइडच. म्हणून गूगलच्या Find Hub जाळ्यावर चालणारा टॅग घेतला. टॅगमध्ये जीपीएस नसतं. तो फक्त ब्लूटूथवर स्वतःची ओळख सांगत राहतो, ती आसपासच्या अनोळखी फोनना ऐकू जाते, आणि ते फोन आपली जागा कुलूपबंद करून पुढे पाठवतात. एअरटॅगला ऐकणारे फक्त ॲपलचे फोन, आपल्या टॅगला ऐकणारे फक्त अँड्रॉइड. खोक्यावर दोन्हींना चालतो असं लिहिलेलं असलं तरी जोडताना एकच जाळं निवडावं लागतं. पिशवी जिथे जाणार तिथे लोकांच्या हातात कुठले फोन आहेत, ते बघून निवडा.

आता फोनच्या परवानग्या. बाबांचा फोन घेऊन बसा, घाई करू नका. पहिलं म्हणजे स्क्रीनलॉक. बाबांनी पिन ठेवलाच नव्हता, बोटांना त्रास होतो म्हणून. पण पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड नसेल तर फोन या जाळ्यात धरलाच जात नाही, कारण जागेची माहिती त्याच कुलपाच्या आधाराने बंद होते. आम्ही त्यांना लक्षात राहील असा पिन ठेवला आणि चार दिवस घरातच सराव करून घेतला. मग ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही सुरू आहेत ना ते बघा. बॅटरी वाचवायची म्हणून वारकरी मंडळी हे दोन्ही हमखास बंद करतात. ॲपच्या परवानग्यांमध्ये Location ला अचूक जागेची मुभा द्या आणि Nearby devices ला होकार द्या. ही दुसरी परवानगी अँड्रॉइड 12 पासून वेगळी मागितली जाते. ती नाकारली तर टॅग शेजारी असूनही वाजवता येत नाही. तुमचा टॅग कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर चालत असेल तर लोकेशनला Allow all the time द्या आणि त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर फोन ॲपलाच झोपवतो.

यानंतरची सेटिंग फार कमी लोकांना माहीत असते, आणि वारीत तीच कामाची आहे. Settings मध्ये Google, तिथे All services, मग Find Hub, आणि त्यात Find your offline devices. इथे मुळात With network in high-traffic areas only निवडलेलं असतं. म्हणजे एकट्या फोनने टॅग ऐकला तर तो काही सांगत नाही, अनेक फोननी ऐकला तरच जागा कळते. दिवेघाटात ते चालून जाईल, पण आडवाटेला उभ्या ट्रकजवळ दोनचारच फोन असले तर नकाशा जुनाच राहतो. त्याऐवजी With network in all areas निवडलं की तो एकटा फोनही टॅगची जागा कळवू शकतो. हे बाबांच्या फोनवर तर करायचंच, पण ट्रकबरोबर राहणाऱ्या स्वयंपाकाच्या मंडळींच्या फोनवरही त्यांना विचारून करून घ्या. पिशवीजवळ दिवसभर तेच असतात. माझ्या अंदाजाने असे तीनचार फोन असले तरी पुरे.

एवढं झालं की परीक्षा घ्या, पण घरात नको. घरात टॅग बरोबर जागा दाखवतो, कारण बाबांचा फोनच शेजारी असतो आणि नकाशावर त्याचीच जागा उमटते. जाळं चालतंय की नाही हे त्यातून कळत नाही. गेल्या वर्षी मी याच गोष्टीला फसले. यंदा बहीण टॅग पिशवीत घालून पीएमपीच्या बसने हडपसरला गेली आणि बाबांचा फोन घरीच ठेवला. बराच वेळ नकाशावर आमचं घरच दिसत होतं. मग पाऊण तासाने मगरपट्ट्याची जागा आली, खाली नवी वेळ. नकाशावरच्या ठिपक्याआधी ती वेळ वाचायची सवय बाबांनाही लावा. ठिपका नेहमीच कुठेतरी असतो, तो कधीचा आहे हे महत्त्वाचं. टॅग फिरतोय तसा ठिपका सरकत नाही, कुणी ऐकेल तेव्हा उडी मारतो. रस्त्यात मोबाइलचं नेटवर्क गर्दीने कोलमडलं तर ऐकलेलंही उशिरा पोचतं.

पिशवी भरताना टॅग स्टीलच्या डब्यात किंवा पत्र्याच्या पेटीत टाकू नका, धातूतून ब्लूटूथ बाहेर येत नाही. आम्ही तो छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात, वरच्या बाजूला दोऱ्याने टाचला. धोतरं आणि अंथरूण त्याच्या खाली. बीपीच्या गोळ्या मात्र या वेळी ट्रकमध्ये नाहीत, त्या शबनममध्ये.

प्रस्थानाच्या आदल्या दिवशी ट्रकच्या ड्रायव्हरदादांना भेटा. टॅग बाबांच्या फोनपासून लांब, दिवसभर त्यांच्याबरोबर जाणार, म्हणजे अनोळखी टॅगचा इशारा त्यांच्या फोनवर येऊ शकतो. टॅग दाखवा, कुठल्या पिशवीत आहे ते सांगा आणि तो मध्येच वाजला तर घाबरू नका म्हणावं. आमचे दादा हसून म्हणाले, "मग माझाच ट्रक हरवला तरी सापडेल की." त्यांचा नंबर मी बाबांच्या फोनमध्ये पहिल्याच पानावर टाकून दिलाय.