इन्व्हाइट चुकीच्या वेळेला दिसतंय? आधी फरक मोजा

परदेशातल्या क्लायंटचं कॅलेंडर सांभाळायचं काम नव्याने हाती आलं असेल, तर ‘मला वेगळीच वेळ दिसतेय’ असा मेल येणारच. आला की लगेच इन्व्हाइट रद्द करून नवीन पाठवू नका. पाहुण्याला आधी एवढंच विचारा: तुमच्या कॅलेंडरवर नेमके किती वाजता दिसतंय, आणि तुम्ही कोणत्या शहरात आहात? बरोबर वेळ आणि त्याला दिसणारी वेळ यांतला फरक काढलात की चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं.

पुण्याहून न्यू जर्सीच्या टीमला दर गुरुवारची मीटिंग लावली आहे असं धरू: आपल्याकडे संध्याकाळी 7:30, हिवाळ्यात त्यांच्याकडे सकाळी 9:00. पाहुण्याला संध्याकाळचे 7:30च दिसत असतील, तर इन्व्हाइटमध्ये टाइम झोन गेलेलाच नाही. नुसता आकडा गेला आणि त्याच्या कॅलेंडरने तो स्वतःच्या घड्याळाचा मानला. त्याला दुपारचे 2:30 दिसत असतील, म्हणजे साडेपाच तासांचा फरक असेल, तर आपली स्थानिक वेळ कोणीतरी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणून लिहिली आहे. अशा वेळी तुम्हालाही मीटिंग रात्री 1:00 वाजता, दुसऱ्या दिवशीच्या तारखेला दिसेल. फरक बरोबर एका तासाचा असेल, तर तो उन्हाळी वेळेचा घोळ आहे.

पहिल्या दोन चुका कॅलेंडरमधून थेट पाठवलेल्या इन्व्हाइटमध्ये सहसा होत नाहीत. नोंदणीचं सॉफ्टवेअर किंवा ऑफिसची एखादी जुनी स्क्रिप्ट इन्व्हाइटची .ics फाइल बनवत असेल, तर तिथे होतात. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि सुरू होण्याची वेळ सांगणारी `DTSTART`ची ओळ बघा:

```
DTSTART:20260305T193000
DTSTART:20260305T193000Z
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260305T193000
```

पहिलीत झोन नाही. दुसरीतल्या शेवटच्या `Z`चा अर्थ यूटीसी, म्हणून ती साडेपाच तास चुकते. तिसरी बरोबर, पण तिच्यासोबत फाइलमध्ये त्या झोनचा `VTIMEZONE` हा भागही हवा. दुरुस्त फाइल पाठवताना मीटिंगची ओळख असलेला `UID` जुनाच ठेवा, बदलाचा क्रमांक असलेला `SEQUENCE` एकने वाढवा आणि `METHOD:REQUEST` असू द्या. `UID` बदलला तर पाहुण्याच्या कॅलेंडरवर जुनी आणि नवी अशा दोन मीटिंगा दिसतील, आणि तो बहुधा चुकीचीलाच येईल.

आता एका तासाचा घोळ. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच अडकतो, म्हणून हे सावकाश वाचा.

भारतात घड्याळ वर्षभर बदलत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. 2026मध्ये या तारखा 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर. दर आठवड्याला येणारी मीटिंग कॅलेंडर एकाच झोनला बांधून ठेवतं: ज्या झोनमध्ये ती बनवली त्याला. तुम्ही पुण्यात बसून बनवलीत तर ती भारतीय वेळेच्या झोनला, म्हणजे कोलकाता झोनला, बांधली जाते. मग गुरुवार 5 मार्चला न्यू जर्सीत सकाळी 9:00 दिसतात आणि 12 मार्चला 10:00. कोणी कशाला हात लावलेला नसतो, इन्व्हाइटही तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतं, तरी क्लायंट 9 वाजता एकटाच बसून राहतो. यात तुम्ही काही बिघडवलेलं नाही, घाबरू नका. पण दुरुस्त तुम्हालाच करावं लागेल, कारण आयोजकाने बदल केला तरच तो सगळ्यांपर्यंत पोहोचतो. पाहुण्याने आपल्या प्रतीत वेळ सरकवली तर ती सहसा त्याच्यापुरतीच सरकते.

दुरुस्तीआधी एक प्रश्न विचारून घ्या: कोणाची वेळ हलता कामा नये? क्लायंटचे 9:00 पक्के असतील तर मीटिंग न्यू यॉर्कच्या झोनला बांधा, न्यू जर्सीची वेळही तीच. मग उन्हाळ्यात आपल्याकडे ती संध्याकाळी 6:30ला येईल, आणि ते आपल्या टीमला आधीच सांगा, कारण 6:30ला त्यांची दुसरी मीटिंग असू शकते. आपली वेळ पक्की असेल तर कोलकाताच राहू द्या आणि अमेरिकेच्या टीमला 8 मार्चच्या आधी कळवा. हे मनाने ठरवू नका, मॅनेजरकडून वदवून घ्या.

न्यू यॉर्कला बांधायचं ठरलं, तर गूगल कॅलेंडरमध्ये 12 मार्चची मीटिंग उघडून पेन्सिलवर क्लिक करा. वेळेच्या शेजारी `Time zone` आहे, त्यात `Eastern Time - New York` निवडा. आता थांबा. झोन बदलला तरी आकडा 7:30 pm तसाच राहतो, म्हणजे आता ते न्यू यॉर्कचे संध्याकाळचे साडेसात झाले. तो हाताने 9:00 am करा, संपायची वेळही तपासा. सेव्ह करताना `This and following events` निवडा, म्हणजे झालेल्या मीटिंगांची नोंद हलत नाही, आणि पाहुण्यांना अपडेट पाठवा. पुढच्या एखाद्या आठवड्यात वेगळी वेळ ठेवलेली असेल तर ती पुसली गेली का, तेही बघा. आउटलुकमध्ये मीटिंगच्या खिडकीत `Time Zones` चालू केलं की झोन निवडता येतो.

‘EST टाक, चालतं’ असं सांगणारा सीनियर प्रत्येक ऑफिसात असतो. त्याचं ऐकू नका. EST ही न्यू यॉर्कची फक्त हिवाळ्याची वेळ, यूटीसीच्या पाच तास मागे. काही सॉफ्टवेअरमध्ये ती बाराही महिने तशीच राहते आणि उन्हाळाभर एक तास चुकवते. IST तर भारताखेरीज इस्राएल आणि आयर्लंडच्या वेळेलाही म्हणतात. झोन नेहमी शहराच्या नावाने निवडा. तिकडे आत्ता किती वाजले ते बघून हिशोब करणंही तितकंच धोक्याचं, कारण फरक मीटिंगच्या तारखेचा लागतो, आजचा नाही.

लंडनचे लोकही असतील तर आणखी एक अडचण आहे. ब्रिटनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं, 2026मध्ये 29 तारखेला. त्यामुळे न्यू यॉर्कच्या 9:00ला बांधलेली मीटिंग एरवी लंडनला दुपारी 2:00ला असते, पण 12, 19 आणि 26 मार्चला 1:00 वाजता येते. ब्रिटन 25 ऑक्टोबरला मागे येतं, अमेरिका आठवड्याने, म्हणून 29 ऑक्टोबरलाही तेच होतं. इथे कोणताही झोन निवडलात तरी कोणाची तरी वेळ हलणारच. या चार गुरुवारांची सूचना आठवडाभर आधी पाठवा, त्यात शहर, तारीख आणि वेळ लिहा: ‘गुरुवार 12 मार्च, न्यू यॉर्क सकाळी 9:00, लंडन दुपारी 1:00, पुणे संध्याकाळी 6:30’. मीटिंगच्या शीर्षकात मात्र वेळ कधीच लिहू नका. मीटिंग सरकते, शीर्षक सरकत नाही, आणि लोक शीर्षकच वाचतात.

तपासायला एक जास्तीचं अकाउंट ठेवा, त्याचा झोन `Settings`मध्ये न्यू यॉर्क करा आणि प्रत्येक नव्या मालिकेत त्याला पाहुणा म्हणून घ्या. तिथे 5 मार्च, 12 मार्च आणि 5 नोव्हेंबर हे तीन गुरुवार उघडून बघा. तिन्ही दिवशी 9:00 दिसले तर झोन बरोबर बांधला गेला आहे.