व्याजदर वाढला की रोख्याचा भाव का पडतो? स्वतः मोजून पाहा

ओळखीतल्या एका काकांनी गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, पैसे ठेवले होते. एकदा काळजीने विचारत होते, "सरकार काही बुडालेलं नाही, व्याजही वेळेवर येतंय, मग माझी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, खाली कशी गेली?" प्रश्न अगदी रास्त आहे. स्प्रेडशीट उघडली तर त्याचं उत्तर दहा मिनिटांत डोळ्यांसमोर येतं.

पायरी 1: रोखा मांडा

10 वर्षांचा एक सरकारी रोखा घ्या. दर्शनी किंमत 100 रुपये, दरवर्षी 6 रुपये व्याज, शेवटी 100 परत. खरे सरकारी रोखे व्याज सहा महिन्यांनी देतात, पण हिशेब सोपा राहावा म्हणून आपण वर्षातून एकदा धरू. हे 6 आणि 100 रोखा निघाला त्याच दिवशी ठरले. मुदत संपेपर्यंत त्यात बदल नाही. बाजारात हात बदलताना बदलतो तो फक्त भाव.

पायरी 2: दर बदलून पाहा

समजा, आता तशाच नव्या रोख्यावर 7 टक्के मिळू लागले. मग तुमचा 6 वाला रोखा पूर्ण 100 देऊन कोण घेईल? भाव इतका उतरावा लागेल, की घेणाऱ्यालाही 7 टक्केच पडतील:

```
=PV(7%,10,-6,-100)
```

उत्तर येतं 92.98. आता 7% च्या जागी 5% टाका: 107.72. (उणे चिन्हं विसरलात तर उत्तरच उणे येईल.)

मग 10 च्या जागी 1 टाकून पुन्हा 7% लावा. भाव 99.07, म्हणजे रुपयाचीही घट नाही. कमी व्याज एकच वर्ष सोसायचं असेल तर सूट थोडी पुरते, दहा वर्षं सोसायचं तर बरीच लागते. काकांच्या फंडात लांब मुदतीचेच रोखे होते. एनएव्ही रोजच्या बाजारभावाने काढतात, म्हणून ही घट त्यांना लगेच दिसली.

पायरी 3: आता उलट दिशेने

भाव माहीत आहे, यील्ड काढायचं आहे, म्हणजे त्या भावाला घेऊन शेवटपर्यंत ठेवला तर वर्षाला किती टक्के पडतात ते:

```
=RATE(10,6,-95,100)
```

95 ला घेतला तर साधारण 6.7 टक्के. भाव 97 केला की 6.4 वर येतं. इथे बरेच जण 6 भागिले 95 करून 6.3 टक्के काढतात आणि फसतात, कारण 95 ला घेतलेल्या रोख्याचे शेवटी 100 मिळतात, ते वरचे 5 रुपये त्यात धरलेले नसतात.

या पायरीवर थोडं थांबा. यील्ड कुणी वेगळं ठरवत नाही. भावच दुसऱ्या शब्दांत सांगितला की यील्ड होतं. म्हणून ज्याच्यामुळे भाव चढतो, त्याच्यामुळे यील्ड उतरतंच.

पायरी 4: मोठा खरेदीदार आणा

2021 मध्ये रिझर्व्ह बँकच असा मोठा खरेदीदार म्हणून बाजारात उतरली. 7 एप्रिलला तिने जाहीर केलं, की या तिमाहीत 1 लाख कोटींचे सरकारी रोखे विकत घेऊ. कार्यक्रमाचं नाव जी-सॅप. पहिली 25,000 कोटींची खरेदी 15 एप्रिलला झाली. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो, तेव्हा 4 टक्क्यांवर स्थिर होता, तरीही मार्चमध्ये 6.2 च्या आसपास गेलेलं 10 वर्षांचं यील्ड पुढच्या काही आठवड्यांत 6 च्या जवळ आलं.

कसं? रोख्यांची संख्या तेवढीच, त्यातला मोठा वाटा रिझर्व्ह बँकेने उचलला, म्हणून उरलेल्यांसाठी चढाओढ. विकणाऱ्या बँकांच्या खात्यात रोकड जमा झाली. ती पडून ठेवणं परवडत नाही, म्हणून ती दुसऱ्या रोख्यांकडे वळली आणि खरेदीच्या यादीत नसलेल्या रोख्यांचेही भाव वर सरकले. शिवाय खरेदीची रक्कम आधीच जाहीर असल्याने व्यापाऱ्यांनी लिलावाची वाट न पाहता आधीच घ्यायला सुरुवात केली. म्हणूनच नुसत्या घोषणेनेही यील्ड हलतं, आणि लिलावाच्या दिवशी कधी कधी काहीच घडत नाही.

पायरी 5: मर्यादा तपासा

खरेदी थांबली की आधार जातो. 8 ऑक्टोबर 2021 ला रिझर्व्ह बँकेने जी-सॅप थांबवत असल्याचं सांगितलं. रेपो तेव्हाही 4 टक्केच होता, पण डिसेंबर संपता संपता 10 वर्षांचं यील्ड साडेसहाच्या जवळ पोहोचलं होतं. महाग होत चाललेलं कच्चं तेल आणि महागाईची भीती हीही कारणं त्यात होती, त्यामुळे सगळा दोष खरेदी थांबण्यावर टाकता येणार नाही.

पुढच्या वेळी अशी खरेदी जाहीर झाली की तीन आकडे टिपून ठेवा: रेपो दर, घोषणेच्या आदल्या दिवशीचं 10 वर्षांचं यील्ड आणि घोषणेनंतरचं यील्ड. रेपो हलला नाही आणि यील्ड उतरलं, तर वरच्या `RATE` मध्ये 95 चे 97 करून पाहिलं होतं, तेच बाजारात घडलं असण्याची शक्यता मोठी.