रंगांधळेपणा असताना सिग्नल कसा वाचावा

लाल-हिरव्या रंगांधळेपणाचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि रस्त्यावर त्यांचा त्रास सारखा नसतो. म्हणून आपला प्रकार कोणता, हे आधी माहीत करून घ्या. एका प्रकारात डोळ्यातल्या लाल प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात किंवा बिघडलेल्या असतात. अशा माणसाला लाल दिवा वेगळ्या रंगाचा तर दिसतोच, शिवाय मंदही दिसतो. दुसऱ्या प्रकारात गडबड हिरव्याच्या पेशींमध्ये असते. त्यात लाल दिव्याची झळाळी शाबूत राहते, पण लाल आणि पिवळा यांतला फरक पुसट होतो, तर सिग्नलचा हिरवा जवळपास पांढरा भासतो.

ठिपक्यांमधला आकडा ओळखायची इशिहारा चाचणी बहुतेकांनी दिलेली असते. ती दोष आहे की नाही ते चटकन सांगते, पण तो किती तीव्र आहे याबद्दल तिच्यावर विसंबता येत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे रंगीत चकत्या क्रमाने लावायची फार्न्सवर्थ डी-१५ चाचणी मागा. परवान्याच्या वेळीही हाच फरक कामी येतो.

दिवसा फारशी अडचण येत नाही. उभ्या सिग्नलमध्ये लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली, एवढं पाठ असलं की रंग बघायची गरजच पडत नाही. शिवाय सिग्नलचा हिरवा मुद्दाम थोडा निळसर ठेवलेला असतो, त्यामुळे तो लालपासून वेगळा काढता येतो. आडवे सिग्नल मात्र सगळीकडे सारखे नसतात. अनेक देशांत लाल डाव्या टोकाला असतो, जपानमध्ये तो उजवीकडे. नव्या ठिकाणी गाडी हातात घेण्याआधी हा क्रम विचारून घ्या.

खरी परीक्षा रात्री. समजा, तुम्ही चौकाकडे येताय आणि पुढे पिवळट-नारिंगी दिव्यांची रांग दिसतेय. त्यातला एक सिग्नल आहे, पण अंधारात त्याची पेटी दिसत नाही, त्यामुळे वरचा दिवा की मधला हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जाते, आणि इथे तुम्हाला दोन-तीन सेकंद जास्त हवे आहेत. मग रांगेत न बसणारा दिवा शोधा. रस्त्यावरचे दिवे सहसा एका उंचीवर आणि ठरावीक अंतरावर असतात; सिग्नलचा दिवा बहुधा त्यांच्याहून खाली असतो. तो सापडला की हेडलाइटच्या उजेडात पेटीच्या कडा किंवा मागची काळी पाटी दिसते का बघा. कड दिसली की दिव्याची जागा कळते. चौकाच्या पलीकडे दुसरा सिग्नल असेल, तर दोन्ही ताडून पाहता येतात.

एवढं करूनही शंका राहिली, तर तो लाल समजा आणि थांबायच्या तयारीने पुढे या. थांबल्यावर दिवा वरून खाली उडी मारतो की नाही, तेवढंच बघायचं. शेजारची गाडी निघाली म्हणून आपण निघू नये. तिला बाणाचा वेगळा सिग्नल मिळालेला असू शकतो, किंवा ती सरळ सिग्नल तोडत असेल. एकटाच दिवा उघडझाप करत असेल, तर तिथे जागेचा आधारच नाही. लाल असेल तर थांबायचं असतं, पिवळा असेल तर सावकाश जायचं असतं. ओळखता येत नसेल तर थांबा, बघा, मगच निघा.

लाल मंद दिसणाऱ्यांना पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट सिग्नलपेक्षा जास्त फसवतात. टेललाइट आधीच पेटलेले असतात आणि ब्रेक लागला की ते नुसते थोडे उजळतात. म्हणून मागच्या काचेजवळच्या तिसऱ्या दिव्यावर नजर ठेवा, कारण तो फक्त ब्रेक लागल्यावरच पेटतो. अंतरही नेहमीच्या दोन सेकंदांऐवजी तीन-चार सेकंदांचं ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा.

पाट्यांचं काम त्यामानाने सोपं. 'थांबा'ची पाटी अष्टकोनी, 'रस्ता द्या'ची उलटा त्रिकोण, धोक्याची बहुतेक ठिकाणी सरळ त्रिकोणी. रंग गेला तरी आकार राहतो.

परवान्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये साधी मोटार चालवायला रंगांधळेपणाची अडचण येत नाही. भारतात जून २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवान्याची वाट मोकळी झाली. तीव्र दोष असलेल्यांना ती अजून बंदच आहे. तेव्हा फक्त 'इशिहारा नापास' एवढाच शेरा घेऊन परत येऊ नका, तीव्रता लिहून मागा. रेल्वेचे नियम जास्त कडक आहेत, आणि ते रास्तच म्हणायचे: काही सिग्नलमध्ये एकाच भिंगातून सगळे रंग दिसतात, तिथे वर-खालीचा आधार कुठून आणणार?

रंगांधळ्यांसाठी विकले जाणारे चष्मे काही छटांमधला फरक वाढवतात, हरवलेला रंग परत आणत नाहीत. ते प्रकाशाचा काही भाग अडवतात, म्हणून रात्री गाडी चालवताना घालू नका. दिवसा उन्हाचा चष्मा हवाच असेल तर राखाडी काचेचा घ्या. आणि रंग ओळखणं अलीकडेच बिघडलं असेल किंवा एकाच डोळ्यात बिघडलं असेल, तर तो बहुधा जन्मजात दोष नव्हे. डोळ्याचा आजार किंवा क्षयरोगावरच्या इथॅम्ब्युटॉलसारखं औषधही त्यामागे असू शकतं. त्यासाठी आधी डॉक्टर गाठा आणि तोवर गाडी बाजूला ठेवा.