उताराच्या प्लॉटची खोदाई-भराव काढताना या चुका टाळा

उताराचा प्लॉट सपाट करताना तयार पातळी सहसा अशी निवडतात, की खोदाईत निघालेली माती भरावाला पुरावी. ही पातळी सर्व लेव्हलींची साधी सरासरी काढून ठरवणे, ही पहिली चूक होय. २० मीटर बाय २० मीटरच्या प्लॉटवर १० मीटरच्या ग्रिडने नऊ लेव्हली घेतल्या, त्या मीटरमध्ये अशा:

```
१०२.४   १०२.०   १०१.८
१०१.६   १००.२   १००.६
१००.४   १००.०    ९९.८
```

यांची साधी सरासरी १००.९८ येते. मात्र मधला बिंदू चारही चौकोनांचा कोपरा आहे, कडेच्या मध्यावरचे बिंदू दोन-दोन चौकोनांचे आहेत आणि प्लॉटच्या कोपऱ्यांवरचे एकाच चौकोनाचे; म्हणून त्यांना अनुक्रमे ४, २ आणि १ ने गुणून बेरजेला १६ ने भागले पाहिजे. असे केल्यास पातळी १००.८५ येते. मध्यभागी खोलगट जागा असल्यामुळे फरक सुमारे १३ सेंटिमीटर पडला, आणि ४०० चौरस मीटरवर तो ५१ घनमीटर, म्हणजे जवळपास १८ ब्रास होतो. साध्या सरासरीवर काम सुरू केले असते, तर तेवढा मुरूम बाहेरून आणावा लागला असता.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. वरच्या उजव्या चौकोनाच्या कोपऱ्यांवरील लेव्हलींचे १००.८५ या पातळीपासूनचे फरक +१.१५, +०.९५, −०.६५ आणि −०.२५ आहेत. त्यांची सरासरी ०.३० घेऊन १०० चौरस मीटरने गुणले की ३० घनमीटर खोदाई येते आणि भराव शून्य दिसतो, जे जागेवर उभे राहिले तरी खोटे ठरते. अशा चौकोनात अधिक फरकांची बेरीज (२.१०) आणि उणे फरकांची बेरीज (०.९०) वेगळी ठेवावी. खोदाईसाठी अधिक बेरजेचा वर्ग दोन्ही बेरजांच्या एकत्रित बेरजेने भागून चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या चौथाईने, म्हणजे २५ ने गुणावा. भरावासाठी हेच उणे बेरजेवर करावे. तेव्हा खोदाई ३६.७५ आणि भराव ६.७५ घनमीटर येतो. ही रीत अंदाजी असली तरी ग्रिडच्या कामाला पुरते. संपूर्ण प्लॉटसाठी सरासरीच्या रीतीने १०० घनमीटर आलेली खोदाई या रीतीने ११४.५ होते आणि भरावही तेवढाच होतो. खोदाई आणि भराव जुळले म्हणजे हिशेब बरोबर, असे येथे समजू नये, कारण दोन्ही रीतींत ते जुळतातच. सरासरीच्या रीतीत कमी दिसते ते मशीनचे काम आणि त्याचे बिल.

तिसरी चूक म्हणजे खोदलेला आणि दाबलेला घनमीटर एकच मानणे. मातकट मुरूम दाबल्यावर मूळ जागेवरील आकारमानाच्या ९० टक्के उरतो असे धरले, तर ११४.५ घनमीटर भरावाला सुमारे १२७ घनमीटर खोदाई लागेल. आपल्या प्लॉटची पातळी त्यासाठी साधारण ३ सेंटिमीटर खाली घ्यावी लागते. कातळ लागल्यास हिशेब उलटतो, कारण फोडलेला दगड मूळ जागेपेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून हे प्रमाण ठरवण्यापूर्वी चाचणी खड्डा घेऊन खाली काय आहे ते पाहावे.