काम संपल्याच्या ईमेलमध्ये आधी ताबा दिल्याची तारीख

समजा, चाकणच्या कारखान्याला स्टॉकचं सॉफ्टवेअर करून दिलं. ईमेलमध्ये नुसतं ‘काम पूर्ण झालं’ लिहिलं, तर सपोर्ट कधीपासून मोजायचा आणि शेवटचा हप्ता कधी द्यायचा, यावर हमखास वाद होतो. म्हणून सुरुवात अशी करा: ‘सोर्स कोड, अ‍ॅडमिन लॉगिन आणि वापराची पुस्तिका 3 जूनला आपल्या ताब्यात दिली. हरकत असल्यास 18 जूनपर्यंत लेखी कळवावी.’ पासवर्ड मात्र ईमेलमध्ये टाकू नका.

हे 15 दिवस मनाने ठरवलेले नाहीत. तुमची ‘उद्यम’ नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल आणि ग्राहकाने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर एमएसएमई कायद्यानुसार काम दिल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरतात. करारात मुदत कितीही लिहिलेली असली, तरी पैसे तिथून 45 दिवसांत यायला हवेत.

बाकी रक्कम फोडून लिहा: मूळ 48,000, जीएसटी 18 टक्के म्हणजे 8,640, एकूण 56,640 रुपये. टीडीएस मूळ रकमेवरच कापतात. तो 10 टक्के असेल तर खात्यात 51,840 येतील. हा आकडा दिला की अकाउंट्सकडून उलट प्रश्न येत नाही, म्हणून त्यांनाही सीसीत ठेवा.

सपोर्टला ‘तीन महिने’ म्हणू नका, ‘3 जून ते 2 सप्टेंबर’ लिहा. त्यात दिलेल्या कामातल्या चुका दुरुस्त होतील, नवा रिपोर्ट हवा असल्यास वेगळं कोटेशन, हेही तिथेच नोंदवा. शेवटी एकच विनंती: ‘मिळालं’ एवढं उत्तर पाठवावं.