विज्ञान प्रदर्शनात तेच दोनशे वेळा कसं सांगावं: सिरिंजच्या लिफ्टचं उदाहरण

दरवर्षी विज्ञान प्रदर्शनात सिरिंजची हायड्रॉलिक लिफ्ट कोणी ना कोणी मांडतंच. मुलांना मी ती अनेकदा करायला लावली आहे. मॉडेल दोन तासांत उभं राहतं, सांगणं मात्र आठवडाभर घोटूनही फसतं. म्हणून हा लेख मुख्यतः सांगण्याबद्दल आहे.

मॉडेल

एक १० मिलीची आणि एक ५० मिलीची सिरिंज, सुया काढून. मध्ये फिशटँकची पारदर्शक नळी आणि आत शाईचे दोन थेंब घातलेलं पाणी. दोन्ही सिरिंज आणि नळी बादलीत बुडवूनच भरा, म्हणजे आत हवा राहत नाही. बुडबुडा राहिला तर छोटा दट्ट्या दाबताना स्प्रिंगसारखा लागतो आणि सोडला की परत वर येतो. असं झालं की सगळं सोडून पुन्हा भरायचं. नळीची टोकं तारेने आवळा, नाहीतर पहिल्याच पाहुण्याच्या शर्टावर शाई उडेल.

पाठांतर फेकून द्या

पहिल्या वर्षी मी माझ्या विद्यार्थिनीला दीड पानाचं भाषण लिहून दिलं होतं. 'नमस्कार, माझे नाव अमुक, माझ्या प्रतिकृतीचे नाव...' तिने ते छान पाठ केलं. एका गृहस्थांनी मध्येच विचारलं, "हे जेसीबीसारखंच ना?" ती थांबली, गोंधळली आणि पुन्हा 'नमस्कार'पासून सुरू झाली. चूक तिची नव्हती, माझी होती. पाठ केलेल्या भाषणात मधूनच शिरायला दार नसतं, आणि प्रदर्शनात तर निम्मी माणसं मधूनच येतात.

त्यानंतर मी मुलांना भाषण देत नाही, तीन मुक्काम देते. क्रम कायम ठेवायचा. समोर कोण आहे ते बघून कुठल्या मुक्कामावर रेंगाळायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच बदलायचं.

पहिला मुक्काम: कुस्ती

बोलण्याआधी पाहुण्याचा हात लावून घ्या. "काका, तुम्ही मोठा दट्ट्या अंगठ्याने दाबून धरा. हा तिसरीतला मुलगा छोटा दाबेल. बघू कोण जिंकतं." तिसरीतला जिंकतो. काका पुन्हा जोर लावून बघतात. आता 'का?' हा प्रश्न ते स्वतःच विचारतात, तुम्हाला विचारावा लागत नाही.

दुसरा मुक्काम: का

मी सर्वांत जास्त अडखळले ते इथे. वर्षानुवर्षं आमची मुलं लहानांना सांगायची, "पाणी ताकद वाढवतं." वाक्य सोपं आहे, लहानांना आवडतं आणि साफ चुकीचं आहे. पाणी ताकद वाढवत नाही, ते दाब जसाच्या तसा सगळीकडे पोचवतं. एकदा एका परीक्षकांनी मुलाला शांतपणे विचारलं, "मग लांबच लांब नळीत भरपूर पाणी घातलं तर ताकद आणखी वाढेल?" मुलगा "हो" म्हणाला. तेव्हापासून माझा नियम आहे: लहानांसाठी शब्द काढायचे, पण खोटं सांगायचं नाही.

त्यासाठी आलेखाचा कागद घ्या. दोन्ही दट्ट्यांची तोंडं त्यावर ठेवून पेन्सिलने गोल काढा, कापा आणि टेबलावर चिकटवा. माझ्याकडच्या सिरिंजचे आतले व्यास साधारण १.५ आणि २.७५ सेंमी आहेत, म्हणून छोट्या चकतीत पावणेदोन आणि मोठीत जवळजवळ सहा चौरस सेंटिमीटर येतात. आता एवढंच म्हणायचं: "पाणी प्रत्येक चौकोनाला सारखंच ढकलतं. मोठ्या चकतीत चौकोन जास्त, म्हणून तिला एकूण ढकल जास्त." हे तिसरीतल्या मुलाला कळतं आणि परीक्षकांसमोरही खरंच राहतं. परीक्षक आले की त्याच चकत्यांवर बोट ठेवून दाब, क्षेत्रफळ, बल हे शब्द वापरायचे, पास्कलच्या नियमाचं नाव घ्यायचं आणि सांगायचं की बल सुमारे सव्वातीन पट व्हायला हवं.

'व्हायला हवं' असंच म्हणा. मोठ्या दट्ट्यावर वजनं ठेवून मोजलंत तर ते कमीच भरतं, कारण रबर सिरिंजला घासतं आणि थोडं बल तिथेच जातं. हे मुलाने आपणहून सांगितलं तर परीक्षकांचा पुढचा प्रश्न बदलतो. लपवलं तर ते नेमकं तेच विचारतात.

तिसरा मुक्काम: किंमत

हा मुक्काम बहुतेक जण गाळतात, आणि मला त्याचाच राग येतो. सव्वातीन पट बल फुकट मिळत नाही. छोटा दट्ट्या ५ सेंमी आत ढकलला तर मोठा जेमतेम दीड सेंमी वर येतो. शेजारी पट्टी उभी चिकटवा आणि पाहुण्यालाच मोजू द्या. लहान मुलांना हे 'का'पेक्षाही लवकर समजतं: "बघ, तू किती ढकललंस आणि तो कितीसा उचलला गेला!" पहिली-दुसरीतली असतील तर चकत्या सोडून द्या. कुस्ती आणि पट्टी एवढं पुरे.

मोठ्यांना त्यांच्याच रोजच्या वस्तूपासून धरा. गाडी चालवणाऱ्याला ब्रेक सांगा: पायाने पेडल बरंच खाली जातं, पण चाकापाशी ब्रेकचे पॅड अगदी थोडेच सरकतात, तेही जोरात. शेतकऱ्याला ट्रॅक्टरची मागची उचल सांगा. मग ते हमखास विचारतात, "तिथे पाणी का नाही, तेल का?" उत्तर तयार ठेवा: पाण्याने लोखंड गंजतं आणि भाग नीट सरकत राहायला लागणारं वंगण पाण्यात नसतं. आमच्या प्लॅस्टिकला गंज चढत नाही, म्हणून आमचं पाण्यावर भागतं.

मधूनच आलेल्यांचं काय

पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. नुकत्याच कुस्ती जिंकलेल्या मुलाला सांगा, "आता तू या दादाला हरवून दाखव." तो आनंदाने दाखवतो, तुम्हाला अर्धा मिनिट घशाला विसावा देता येतो, आणि आधीचा पाहुणा चकत्यांपाशी पोचलेला असतो. एका टेबलावर दोन विद्यार्थी हवेत: एकाने कुस्ती सांभाळायची, दुसऱ्याने चकत्या आणि पट्टी. दर तासाला जागा बदला, नाहीतर चाळिसाव्या वेळी आवाज रेकॉर्ड लावल्यासारखा होतो.

छोट्या सिरिंजवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. प्रत्येक पाहुण्यानंतर दट्ट्या त्या रेघेवर आणायचा. हे विसरलं की पुढच्याला ढकलायला जागाच उरत नाही आणि कुस्ती सुरू होण्याआधीच संपते. दुपारनंतर दट्ट्या जड जायला लागला तर जोर लावू नका. रबर कोरडं पडलेलं असतं. दट्ट्या काढून साबणाच्या पाण्यात बुडवा, तरीही अडकला तर नवी सिरिंज लावा. पिशवीत दोन जादा ठेवाच, आणि एक कोरडा फडका.