एक फेरी मागे कधी पडणार?

४०० मीटरच्या ट्रॅकवर दोघं एकाच रेषेवरून, एकाच दिशेनं निघाले. एकाला फेरीला ९० सेकंद लागतात, दुसऱ्याला १५०. पहिला दुसऱ्याला एक फेरी मागे टाकून पहिल्यांदा कधी ओलांडेल? इथे बरेच जण लसावि काढून ४५० सेकंद लिहितात आणि फसतात. लसावि सांगतो ते दोघं सुरुवातीच्या रेषेवर पुन्हा एकत्र कधी येतील ते. ओलांडणं तर ट्रॅकवर कुठेही होऊ शकतं.

त्यासाठी वेळांचा गुणाकार करून त्यांच्या फरकानं भागा: ९० × १५० ÷ ६० = २२५ सेकंद. पडताळा घ्या: तोवर पहिल्याच्या अडीच फेऱ्या होतात, दुसऱ्याच्या दीड. बरोबर एका फेरीचा फरक, तोही रेषेच्या थेट समोरच्या बाजूला! ४५० व्या सेकंदाला तो दुसऱ्यांदा गाठतो.